चालकाचं नाव

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. बाबांची बँक ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, ऐन बाजारात. घरबसल्या फोनवरून हे होतं असं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, पण बाबांचं म्हणणं की जिवंत माणसानं स्वतः जाऊन दाखवण्यात काय वाईट आहे. म्हणून त्या शनिवारी, माझ्या शाळेला सुट्टी होती तेव्हा, आम्ही दोघं सकाळी दहाच्या सुमारास निघालो. गाडी बाबा चालवत होते.

खरं तर त्यांनी चालवायची नव्हती. गाडी दादाच्या नावावर. तो पुण्यात असतो. तीन वर्षांपूर्वी त्यानं ती आम्हां दोघांसाठी घेऊन दिली, कागद, विमा सगळं त्याच्याच नावावर ठेवून. मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा बाबांनी गाडी फाटकातून आत घेताना मागचा कोपरा घासला. दादा त्या वेळी काही बोलला नाही. जाताना मात्र स्टेशनवर म्हणाला, "बाबा, आता तुम्ही गाडी नका चालवू. ताई चालवेल." ताई म्हणजे मी; धाकटी असले तरी घरात सगळे मला ताईच म्हणतात. बाबा म्हणाले, "बरं." शहात्तर वर्षांच्या माणसानं इतक्या सहज "बरं" म्हटलं म्हणून मला त्याच वेळी वाईट वाटलं होतं.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी मी त्यांच्या हातात किल्ली दिली. रस्ता रिकामा होता, आम्ही फक्त जिलबी आणायला निघालो होतो. मग ती आमची सवयच होऊन बसली. जवळपास कुठे जायचं असलं, गर्दी नसली, तर बाबा चालवणार. दादाचा फोन आला की गाडीचा विषय निघतच नसे, आणि मी तो निघू देत नसे. त्याला कोणी खोटं सांगितलं नव्हतं, पण खरं सांगणाराही घरात कोणी नव्हता.

त्या दिवशी बाड्यावर गाडी लावायला जागा मिळणार नाही म्हणून बाबांनी नई सडकेनं वळसा घ्यायचं ठरवलं. दुकानं उघडत होती. डाव्या हाताला एका कापडाच्या दुकानासमोर ई-रिक्शा उभी होती, मागच्या बाजूला कापडाचे गठ्ठे. समोरून मोटारसायकलवाला आला, बाबांनी गाडी जराशी डावीकडे घेतली, आणि मला वाटलं की निघून जाऊ. नाही निघालो. पत्र्याचा चिरडल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली.

बाबांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. मी उतरून बघितलं. आमच्या गाडीचा पुढचा बंपर डावीकडून फाटला होता, त्या बाजूचा दिवा फुटला होता, आणि चाकावरचा पत्रा आत गेला होता. रिक्शाचा मागचा लोखंडी गार्ड वाकला होता आणि लाल दिव्याची काच खाली पडली होती. रिक्शावाला दुकानाच्या पायरीवरून उठून आला. चाळिशीचा माणूस, गळ्यात मफलर. त्यानं आधी बाबांच्या खिडकीशी वाकून विचारलं, "अंकलजी, लगी तो नहीं?"

बाबांनी मान हलवली. मग ते उतरले, रिक्शाच्या मागे जाऊन वाकून बघितलं, आणि म्हणाले, "गलती मेरी है. बत्ती और ये गार्ड बनवा लो, जो पैसा लगे मुझे बता देना." त्यांनी बँकेच्या पासबुकामागे रिक्शाचा नंबर आणि त्या माणसाचा फोन लिहून घेतला, आपला फोन त्याला दिला. रिक्शात कोणी बसलेलं नव्हतं, कोणाला काही लागलं नव्हतं. चार माणसं जमली होती ती पांगली. मी मोबाईलवर फोटो काढले, दोन्ही गाड्यांचे, जागेवरून हलवण्याआधी. हे मला शाळेतल्या एका बाईंनी कधीतरी सांगितलं होतं, ते नशिबानं आठवलं.

बँकेत त्या दिवशी गेलोच नाही.

गाडी चालू झाली, पण टायर आतल्या पत्र्याला घासत होतं. मी हळूहळू चालवत बिर्ला नगरच्या बाजूच्या वर्कशॉपपर्यंत नेली. बाबा शेजारी बसून होते. वर्कशॉपमध्ये आलेल्या गाड्या तपासून नोंद घेणारा एक तरुण मुलगा होता, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खालून बघितलं आणि विचारलं, "मैडम, चला कौन रहा था?"

"मैं," मी म्हणाले.

ते तोंडातून इतकं लवकर निघालं की मलाच नवल वाटलं. बाबा माझ्या शेजारी उभे होते. ते भिंतीवरच्या ऑइलच्या जाहिरातीकडे बघत राहिले.

त्या मुलानं समजावलं की इन्शुरन्समधून करायचं असेल तर आत्ता काहीच खोलायचं नाही. बंपरचा लटकणारा तुकडासुद्धा नाही. आधी कंपनीला कळवा, तिथून क्लेम नंबर येईल, मग नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन गाडी बघेल, त्यानं हो म्हटल्यावर काम सुरू. कळवायला उशीर करू नका, आजच करा. फोन लावा, नाहीतर मेल करा. मेल बरी, कारण काय लिहिलं ते राहतं. मेलमध्ये काय काय लागतं ते त्यानं जॉब कार्डाच्या, म्हणजे कामाच्या पावतीच्या, मागे लिहून दिलं. पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, कधी, कुठे, कसं झालं, चालक कोण, त्याचं लायसन्स, समोरची गाडी, कोणाला लागलं का, पोलिसात गेलात का, गाडी आता कुठे आहे.

ऑटोनं घरी आलो. बाबा न जेवता आपल्या खोलीत गेले. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. मुलींना अर्ज कसा लिहायचा, तक्रार कशी लिहायची, हे वीस वर्षं शिकवते आहे. मेल लिहायला मला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वाक्यं स्वच्छ होती. "मी माझ्या वडिलांना घेऊन बँकेत जात असताना" असं सुरू केलं. पुढे लिहिलं की पुढे चालणारी ई-रिक्शा अचानक थांबली आणि मला गाडी आवरता आली नाही. चालकाच्या जागी माझं नाव, माझ्या लायसन्सचा नंबर, त्याची मुदत. लिहिताना मला अपराधी वाटलं असं म्हणणं खोटं होईल. मला हुशार वाटलं. एका मेलनं बाबांची अब्रू राहिली, माझं गुपित राहिलं, दादाची चिंताही टळली. क्लेम नंबरचा मेसेज दादाच्या फोनवर जाईल हे माहीत होतं, पण तो काय म्हणेल? ताई, जरा जपून. एवढंच.

आमच्या घरात एक जुनी सवय आहे. बाहेर जाणारा कुठलाही कागद बाबांनी वाचल्याशिवाय जात नाही. ते सरकारी ऑडिटच्या ऑफिसात छत्तीस वर्षं होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्यात काय राहिलं ते शोधणं हेच त्यांचं काम. माझ्या नोकरीचा अर्ज, दादाच्या लग्नाची पत्रिका, आईच्या आजारपणात हॉस्पिटलला लिहिलेली पत्रं, सगळं त्यांच्या पेन्सिलीखालून गेलेलं. चार वाजता ते खोलीतून बाहेर आले आणि चष्मा लावत म्हणाले, "झाली का मेल? दाखव तर."

मी म्हणाले, "साधीच आहे बाबा. पाठवते."

"दाखव."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ते बोट स्क्रीनला न लावता, अंतरावर ठेवून, ओळ ओळ वाचत खाली गेले. शेवटपर्यंत वाचलं. मग परत वर गेले.

"रिक्शा चालत नव्हती," ते म्हणाले. "उभी होती."

"बाबा, त्यानं काय फरक पडतो?"

"उभी होती, म्हणून उभी लिही. मी बघितली होती तिला. मला वाटलं जागा आहे." मग म्हणाले, "आणि तू चालवत नव्हतीस."

मी त्यांना सांगितलं की दादाला कळलं तर काय होईल. तो फोनवर ओरडणार नाही, पण पुढच्या ट्रेननं येईल आणि गाडीच घेऊन जाईल, किंवा ड्रायव्हर लावेल, आणि तुमचं बाहेर जाणं सगळं बंद होईल. मी हेही म्हणाले की कंपनीला काय, कोणीही चालवत असलं तरी लायसन्स असलं की झालं. तुमचं नाव कशाला?

बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बरोबर. लायसन्स असलं की झालं. माझं आहे ना? डॉक्टरचं सर्टिफिकेट देऊन पाच वर्षांसाठी वाढवलेलं. अजून तीन वर्षं बाकी आहेत. मग खरं लिहिल्यानं क्लेमचं काय बिघडतं? काही नाही. खोटं लिहिलं तर मात्र बिघडतं. त्या दुकानावर कॅमेरा होता. सर्व्हेअर विचारेल, स्टिअरिंग किती वळवलं, ब्रेक कधी मारला. तू काय सांगशील?"

मी स्क्रीनवरची रिक्शा "अचानक थांबली" ती ओळ पुन्हा वाचली.

"आणि क्लेम फॉर्मवर सही कोणाची लागेल? ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याची. त्यात लिहिलेलं असतं की वरचं सगळं खरं आहे." त्यांनी चष्मा काढला. "त्या पोरानं पुण्यात बसून विश्वासानं सही करायची, आणि त्याला माहीतही नसणार की तो कशावर सही करतो आहे. ते मी होऊ देणार नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. मी दादाला काळजीतून वाचवते आहे असं समजत होते, आणि खोट्याच्या खाली नाव त्याचंच येणार होतं.

"सकाळी वर्कशॉपमध्ये तुम्ही काही बोलला नाहीत," मी म्हणाले. ते मला बोलायचं नव्हतं, पण बोलले.

"नाही बोललो," बाबा म्हणाले. "मला बरं वाटलं होतं. तू म्हणालीस 'मैं', आणि मला एकदम हलकं वाटलं. दुपारभर तेच डोक्यात होतं."

मग त्यांनी फोन उचलला आणि दादाला लावला. स्वतः. मी म्हणाले, आधी मी बोलते. त्यांनी हातानंच नको म्हटलं. फोन स्पीकरवर ठेवला.

"अरे, गाडीला अपघात झाला आहे. छोटा. मी चालवत होतो."

मग दादानं विचारलं, "कोणाला लागलं का?"

"नाही. उभ्या ई-रिक्शाला घासली. दिवा, बंपर."

"तुम्हाला?"

"मला काही नाही. ताईलाही नाही."

"बाबा, मी नको म्हटलं होतं."

"हो. आणि मी बरं म्हटलं होतं."

दादा म्हणाला, "ताई, तुला माहीत होतं?"

"किल्ली मीच द्यायचे," मी म्हणाले.

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "दर रविवारी मी विचारायचो, सगळं ठीक? तू म्हणायचीस, ठीक." मग तो म्हणाला, "मेल पाठवा. मलाही कॉपी टाका. फॉर्म आला की मी सही करून पाठवतो. आणि समोरच्याला पैशाचं काही कबूल केलं नाही ना? कंपनीला विचारल्याशिवाय करायचं नसतं."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. "केलं आहे," ते म्हणाले. "तेही लिहितो."

मग त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि आम्ही मेल पुन्हा लिहिली. ते सांगत होते, मी टाइप करत होते. माझे "अचानक" आणि "दुर्दैवानं" हे शब्द त्यांनी काढून टाकले. "मत नको," ते म्हणाले. "झालं ते." ती इंग्रजीतली मेल मराठीत साधारण अशी होती.

"विषय: अपघाताची पहिली सूचना, स्वतःच्या गाडीचं नुकसान.

गाडीची पॉलिसी माझ्या भावाच्या नावावर आहे, दोन्ही नंबर खाली आहेत. त्यांच्या सांगण्यावरून मी हे कळवत आहे, त्यांना प्रत दिली आहे. आज शनिवारी सकाळी सुमारे सव्वादहा वाजता ग्वाल्हेरच्या नई सडकेवर, कापडाच्या दुकानासमोर, आमच्या गाडीची उभ्या असलेल्या ई-रिक्शाला धडक बसली. गाडी विमाधारकाचे वडील चालवत होते. वय शहात्तर. त्यांच्या लायसन्सचा नंबर आणि मुदत खाली दिली आहे, प्रत जोडली आहे. मी शेजारी बसले होते. समोरून मोटारसायकल आल्यामुळे चालकानं गाडी डावीकडे घेतली. रिक्शा त्यांना दिसली होती. अंतराचा अंदाज चुकला. वेग कमी होता.

आमच्या गाडीचा पुढचा बंपर, डावा दिवा आणि डाव्या पुढच्या चाकावरचा पत्रा यांचं नुकसान झालं. टायर घासत असताना गाडी हळू चालवत वर्कशॉपपर्यंत नेली. त्यानं आणखी काही झालं असल्यास माहीत नाही. रिक्शाचा मागचा गार्ड वाकला आणि दिवा फुटला. रिक्शा रिकामी होती. कोणालाही इजा नाही. पोलिसात तक्रार केलेली नाही. रिक्शाचा नंबर आणि चालकाचा फोन खाली आहे. आमच्या चालकानं जागेवर आपली चूक आहे असं म्हणून रिक्शाच्या दुरुस्तीचा खर्च देण्याचं बोलणं केलं. पैसे दिलेले नाहीत. याबाबत काय करावं ते कळवावं.

गाडी वर्कशॉपमध्ये आहे, पत्ता खाली. काहीही खोललेलं नाही. सर्व्हेअरनं पाहणी करावी ही विनंती. फोटो जोडले आहेत."

"टायर घासत नेली ते कशाला?" मी विचारलं होतं.

"कारण नेली," बाबा म्हणाले.

पाठवायचं बटण त्यांनी मला दाबू दिलं. तासाभरात दादाच्या फोनवर क्लेम नंबर आला, त्यानं तो मला पाठवला. सोबत एक शब्दही नव्हता. संध्याकाळी कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. तिनं मेलमधलंच सगळं पुन्हा विचारलं, चालकाचं विमाधारकाशी नातं काय, तेही. मग ती हिंदीत म्हणाली की समोरच्याला स्वतःहून काही देऊ नका, त्यानं मागितलं तर आम्हाला कळवा. बाबांनी कागदावर लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि रिक्शावाल्याला फोन करून सांगितलं की मी बोलल्याप्रमाणे झालं नाही तर गैरसमज करून घेऊ नका, कंपनीला विचारावं लागतं. तो म्हणाला की गार्ड त्यानं घरीच ठोकून सरळ केला, दिवा भावाच्या दुकानातून लावला, काही नको. बाबांना ते पटलं नाही, पण त्यांनी तेही कंपनीला कळवलं.

सोमवारी मी वर्कशॉपमध्ये जाऊन त्या मुलाला सांगितलं की शनिवारी मी चुकीचं बोलले. त्यानं टॅबवर नाव बदललं, मान वर न करता. त्याच्यासाठी ती एक रिकामी जागा होती, ती भरली. दुपारी सर्व्हेअर आला तेव्हा बाबाही आले. सर्व्हेअर पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं टेपनं जमिनीपासून ओरखड्याची उंची मोजली, फोटो काढले, आणि बाबांना विचारलं, "कैसे हुआ?" बाबांनी हातानं दाखवून सांगितलं, मोटारसायकल इकडून, रिक्शा तिथे, मी असा. सर्व्हेअरनं मेलचा प्रिंट बघितला. "ठीक," तो म्हणाला. "ऐसे ही लगा है."

दादानं फॉर्म सही करून पाठवला. क्लेम मंजूर झाला. प्लास्टिकच्या भागांचा निम्मा खर्च आणि पॉलिसीतली ठरलेली रक्कम आपल्यावर आली, आणि क्लेम न केल्याची जी सूट दादाला दर वर्षी मिळायची ती गेली. हे सगळं बाबांनी आधीच पॉलिसी वाचून त्याला सांगितलं होतं. गाडी पंधरा दिवसांनी आली, बंपर नवा, बाकीपेक्षा जरा जास्त पांढरा.

डिसेंबरात दादा आला. मला वाटलं होतं तशी गाडी नेली नाही, ड्रायव्हरही लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यानं किल्ली बाबांपुढे ठेवली. "चला, मला फिरवून आणा."

बाबांनी किल्लीकडे बघितलं आणि नाही घेतली. "अंतराचा अंदाज चुकला, असं मीच लिहून दिलं आहे," ते म्हणाले. "एकदा चुकला म्हणून गाडी सोडत नाही. नंतर मी घरातही बघत होतो. फाटक, टेबलाचा कोपरा. चुकतो."

दादा त्यांच्या शेजारी बसला. बराच वेळ दोघं बोलले, पुण्यातल्या त्याच्या कामाबद्दल, बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल. मी भाजी निवडत ऐकत होते. मधेच दादानं मला विचारलं, "तू का नाही सांगितलंस मला?" या वेळी रागावून नाही.

"त्यांचा चेहरा बघितला नव्हतास तू," मी म्हणाले. "गाडीत बसल्यावरचा."

"बघितला असता," तो म्हणाला. "सांगितलं असतंस तर आलो असतो बघायला."

तेव्हापासून रविवारी तो "सगळं ठीक?" असं विचारत नाही. काय केलंत आज, कुठे गेलात, कोण भेटलं, असं विचारतो, आणि बाबा फोन माझ्या हातातून घेऊन स्वतःच सांगायला लागतात.